मदत हवी आहे: सागवानी दाराला कोणती रबर पट्टी लावू?

मंडळी, घर वर्धा जिल्ह्यात, अगदी रस्त्याला लागून. सोयाबीनचं मळणीयंत्र सुरू झालं की सगळा भुसा दाराच्या फटीतून घरात. कणकेचा गोळा प्लास्टिकमध्ये गुंडाळून चौकटीवर ठेवला, दार लावून दाबला आणि त्याची जाडी मोजली: बिजागरीकडे 2 मिमी, कडीकडे 5.

फोमची पट्टी नकोच, ती दबली की दबलेलीच राहते. ईपीडीएम घ्यायचं ठरलंय. पण चारही बाजूंना पोकळ 'डी' लावली तर बिजागरीकडे दार अडेल ना? तिकडे चपटी 'ई' आणि कडीकडे 'डी' असं कोणी केलंय का?

दुसरं, चौकटीला जुना ऑइलपेंट आहे, पोपडे सुटलेत. घासून, थिनरने पुसून पट्टीचाच गम पुरेल, की वरून रबर सोल्युशन लावू? दार पश्चिमेला आहे, आमचं मे महिन्यातलं ऊन तुम्हाला ठाऊकच आहे.