प्रतिसाद : झिंकची गोळी आणि वाटीच्या तळाशी राहणारा साका

"मुलगी दोन वर्षांची आहे. जुलाबासाठी झिंकची २० मिलिग्रॅमची गोळी दिली आहे. अर्ध्या पेल्यात विरघळवतो, पण ती दोन घोट पिऊन तोंड फिरवते."

पाणी फार होते आहे. ही गोळी साखरेसारखी पूर्ण विरघळत नाही; ती फुटते आणि तिचे बारीक कण पाण्यात तरंगत राहून हळूहळू तळाशी बसतात. त्यामुळे अर्धा पेला पिऊन झाला, तरी औषध मात्र अर्ध्याहून अधिक तळाशीच राहिलेले असू शकते.

मोठ्या चमच्यात किंवा लहान वाटीत उकळून गार केलेले पाणी घ्यावे, चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ मिलिलिटर, पुरते. त्यात अख्खी गोळी सोडावी. साधारण मिनिटभरात ती आपोआप फुटते, कुटण्याची गरज नसते (कुटताना पूड खलाला चिकटते ती वेगळीच). मग ढवळून, कण खाली बसण्याआधीच, मुलीला बसवून गालाच्या आतल्या बाजूने थोडे थोडे पाजावे. वाटीच्या कडेला पांढरा थर दिसला, तर आणखी चमचाभर पाणी घालून वाटी विसळावी आणि तेही पाजावे. ती विसळ हा मात्रेचाच भाग आहे.

दुधाच्या बाटलीत किंवा ओआरएसच्या भांड्यात गोळी घालू नये, कारण ते सगळे संपेलच याची खात्री नसते. पाजल्यावर लगेच उलटी झाली, तर पुन्हा द्यायची का, हे डॉक्टरांना विचारावे. जुलाब थांबले, तरी सांगितलेले १४ दिवस पूर्ण करावेत.