मदत हवी आहे: मामीला इंग्रजी अभिवादनं आणि त्यांची उत्तरं कशी शिकवू?

पेडणेकरीण

नमस्कार मंडळी. माझी मामी पेडणे तालुक्यातली, शाळा मराठीतून सातवीपर्यंत. तिला मांद्र्याच्या एका गेस्ट हाउसमध्ये नाश्ता वाढायचं काम मिळालंय. ऑक्टोबरपासून परदेशी पाहुणे यायला लागतील, म्हणून मी तिला पाच गोष्टी शिकवायला घेतल्या: हॅलो, गुड मॉर्निंग, हाउ आर यू, नाइस टु मीट यू आणि हाउझ इट गोइंग. वहीत एका बाजूला प्रश्न, समोर उत्तर, सगळं देवनागरीत लिहून दिलंय.

वहीच्या क्रमाने विचारलं की मामी धडाधड बोलते. क्रम बदलला की 'गुड मॉर्निंग'ला 'आय ॲम फाइन, थँक यू' म्हणून मोकळी होते. त्यात काल मालकाच्या ओळखीचे एक इंग्रज आजोबा आले आणि जाता जाता तिला म्हणाले, 'यू ऑलराइट?' ती गप्पच उभी राहिली. रात्री मला विचारते, 'माझा चेहरा आजारी दिसत होता का गं?'

पाठ आहे, पण प्रसंगाला तोंडातून येत नाही. पुढे कसं शिकवू?

तारवटी

मी बरीच वर्षं बोटीवर स्टुअर्ड होतो. 'आय ॲम फाइन' आधी पुसून टाका. ते शाळेतलं इंग्रजी, खरं कुणी बोलत नाही. 'आय ॲम गुड' शिकवा. 'हाउ डू यू डू' पण शिकवा, गोरे लोक त्याने खूश होतात. आणि 'यू ऑलराइट' म्हणजे ब्रिटिशांचं 'हाउ आर यू'च. तब्येतीशी संबंध नाही, मामींना सांगा घाबरू नका.

शांतादुर्गा_५२

माझ्या मुलाची पणजीत हॉटेल मॅनेजमेंटची मुलाखत आहे. त्याने आत शिरल्यावर गुड मॉर्निंग म्हणावं की आधी बसावं? कुणी सांगेल का?

डिचोलीच्या बाई

शांतादुर्गाताई, दारातच म्हणायचं आणि 'बसा' म्हटल्यावर बसायचं. मुलाखत दुपारी बाराच्या पुढे असेल तर गुड आफ्टरनून.

आता मामींचं. तारवटीभाऊ 'यू ऑलराइट'बद्दल अगदी बरोबर सांगतात. पण 'आय ॲम फाइन' पुसू नका. ते चुकीचं नाही, लोक म्हणतात. फक्त तेवढंच सपाट आवाजात म्हणून थांबलं की समोरच्याला वाटतं, बाई रागावल्यात किंवा बोलायचं नाही. त्यापुढे 'अँड यू?' आलं की काम झालं. 'हाउ डू यू डू' मात्र आता फार कमी ऐकू येतं आणि त्याला उत्तर म्हणून तेच वाक्य परत म्हणायचं असतं. नवशिक्या माणसाला ते ओझं नको.

खरी अडचण वहीची आहे. मामी प्रश्न ओळखत नाहीत, ओळीचा नंबर ओळखतात. शिवाय पाहुणे वहीतल्यासारखं सुटं सुटं बोलतच नाहीत. गुड मॉर्निंगमधलं 'गुड' बहुधा गिळतात, नुसतं 'मॉर्निंग' ऐकू येतं. 'मीट यू'चं 'मीच्यू' होतं, 'हाउझ इट'चं 'हाउझिट'. म्हणून आठवडाभर वही मिटून ठेवा. मामी भांडी घासत असताना मागून 'मॉर्निंग!' म्हणा. पाठ करून उत्तर द्यायला वेळच मिळणार नाही अशा वेळी विचारा, क्रम रोज वेगळा.

आणि एक गोष्ट मामींना समजावून सांगा. आपल्या वाड्यावर कुणी 'काय, बाजाराला का?' म्हटलं तर आपण यादी वाचून दाखवतो का? 'हो, जरा जाऊन येते' म्हणून पुढे जातो. 'हाउ आर यू' आणि 'हाउझ इट गोइंग' हे तसेच प्रश्न. गुडघा दुखत असला तरी उत्तर 'गुड, थँक्स. अँड यू?' एवढंच.

पेडणेकरीण

बाई, हे बाजाराचं तिला लगेच पटलं! पण 'अँड यू' म्हणताना तिचा सूर पडतो, प्रश्न वाटतच नाही.

डिचोलीच्या बाई

तो जोराचा प्रश्न आहे. आपण मराठीत सगळे शब्द साधारण एका वजनाने म्हणतो, इंग्रजीत एकच शब्द उचलतात. पाहुणा आधी विचारतो तेव्हा वजन 'आर'वर असतं: हाउ *आर* यू? मामी उलट विचारतील तेव्हा ते 'यू'वर जातं: गुड, थँक्स. हाउ आर *यू*? 'मी झाले, आता तुम्ही' हा भाव त्या एका शब्दात आहे. 'यू' म्हणताना हात समोरच्याकडे नेऊन सराव करा. हात गेला की आवाज आपोआप जातो. मी वर्गात असंच करून घ्यायचे.

दुसरं, पाय बघायला शिकवा. पाहुणा चालता चालता बोलला तर 'मॉर्निंग!'ला 'मॉर्निंग!' पुरे. 'यू ऑलराइट?'ला 'या, यू?' बास. तो थांबून तोंडाकडे बघत असेल तरच पुढचं बोलणं. पहिल्या दिवसाचा प्रसंग असा बसवा:

पाहुणी: मॉर्निंग!
मामी: गुड मॉर्निंग!
पाहुणी: हाउ आर यू?
मामी: गुड, थँक्स. हाउ आर यू?
पाहुणी: व्हेरी वेल. आय ॲम जेन.
मामी: आय ॲम सुनंदा. नाइस टु मीट यू.
पाहुणी: नाइस टु मीट यू टू.

नावं तुमची घाला. इथे दोन ठिकाणी हमखास गडबड होते. एक म्हणजे 'नाइस टु मीट यू'ला 'सेम टु यू' म्हणणं. ते दिवाळीच्या शुभेच्छांना चालतं, इथे 'यू टू' म्हणायचं. दुसरं, 'मीट' फक्त पहिल्या भेटीला. तीच जेन पुढच्या वर्षी आली तर 'नाइस टु सी यू'.

मोपावाला

मी विमानतळावर टॅक्सी लावतो. रात्री दहाला पाहुणा उतरला की आमच्यातले निम्मे जण 'गुड नाइट सर' म्हणून स्वागत करतात. तो बिचकतो, कारण गुड नाइट निरोपाचं. कितीही उशीर असला तरी आल्यावर गुड इव्हिनिंग. मामींची संध्याकाळची पाळी लागली तर हे लागेल. रशियन पाहुण्यांना मात्र 'हाउ आर यू' विचारलं की काही जण खरंच सविस्तर सांगतात, तेव्हा ऐकून घ्यायचं.

तारवटी

बाई, फाइनचं मान्य. पण प्रत्येक वाक्याला 'सर', 'मॅडम' हवंच. बोटीवर आम्हाला तसंच शिकवलेलं.

डिचोलीच्या बाई

बोटीवर असेल. छोट्या गेस्ट हाउसमध्ये 'गुड मॉर्निंग, सर' एकदा ठीक, पण 'गुड, थँक्स सर, हाउ आर यू सर' कानाला अवघडल्यासारखं वाटतं. मी तरी नावच घ्यायला सांगेन.

तारवटी

साठीच्या पाहुण्याला नुसत्या नावाने हाक? मला नाही जमायचं, आणि मामींनाही जड जाईल.

पेडणेकरीण

तिला जडच जातंय, खरं आहे. ते मालकाला विचारून ठरवते, त्यांची काय रीत आहे ती. बाई, 'हाउझ इट गोइंग'ऐवजी 'यू ऑलराइट' पाचात घेऊ का? तिथे ब्रिटिश जास्त येतात म्हणे.

डिचोलीच्या बाई

घ्या की. दोघांनाही 'गुड, थँक्स. यू?' हेच उत्तर चालतं, म्हणजे मामींना नवीन काही पाठ करायला नको. फक्त दोन्ही कानावर पडू द्या, नाहीतर 'हाउझिट' ऐकून पुन्हा गप्प होतील.