'विकर' की एन्झाइम? आणि उकळल्यावर ते 'मरतं' का?

मुग्धा, इंदूर: मुलाच्या हिंदी पुस्तकात एन्झाइमला 'प्रकिण्व' आहे, माझ्या माहेरच्या जुन्या मराठी पुस्तकात 'विकर'. घरात बोलताना कोणता घ्यायचा? आणि टीचर म्हणाल्या की गरम केलं की एन्झाइम मरतं, हे बरोबर आहे का?

नाना: विकार म्हणजे रोग गं, त्याचा आणि पुस्तकाचा काय संबंध?

मुग्धा: नाना, काना नाहीये! विकर.

श्रीकांत: याच घोटाळ्यामुळे मी सरळ एन्झाइम म्हणतो. पण 'प्रकिण्व' मात्र जमलेला शब्द आहे, किण्व म्हणजे दारूचं आंबवण, आणि एन्झाइमचा मूळ ग्रीक अर्थही 'यीस्टमधलं' असाच आहे.

प्राजक्ता: मग एन्झाइमसारख्या उत्प्रेरकाला विरजण म्हणा ना. चमचाभर घातलं की पातेलंभर काम होतं. आणि मरतंच की, मी परवा कढत दुधात विरजण घातलं, सकाळी दूध जसंच्या तसं.

श्रीकांत: अर्धं बरोबर. विरजणात जिवाणू असतात, ते वाढतात आणि दह्यातच राहतात, म्हणून तिथे 'मेले' म्हणणं ठीक. एन्झाइम जिवंत नसतंच, ती प्रोटीनची घडी घातलेली लांब साखळी. ती घडी धरून ठेवणारे बंध नाजूक असतात, तापवलं की ते सुटतात आणि ज्या खाचेत एन्झाइमचं काम चालतं ती बिघडते, पण साखळी तुटत नाही, म्हणून 'जळलं' हाही शब्द चुकीचा. मी 'घडी मोडली' म्हणतो.

करून बघा मुग्धाताई. कच्च्या बटाट्याच्या फोडीवर मेडिकलमधलं हायड्रोजन पेरॉक्साइड चार थेंब टाका, भसाभस फेस येतो, तो पेरॉक्साइड फुटून निघालेला ऑक्सिजन, काम कॅटालेज नावाच्या एन्झाइमचं. उकडलेल्या फोडीवर काही होत नाही. बटाटा अर्धवट शिजला असेल तर कडेला शांत आणि मधल्या कच्च्या गाभ्यावरच फेस, म्हणजे उष्णता कुठवर पोचली तेही दिसतं. फ्रीजमधल्या गार फोडीवर फेस हळू येतो, पण येतो, कारण थंडीने घडी मोडत नाही.

प्राजक्ता: पण मग पुस्तकातल्या कुलूप-किल्लीच्या उपमेत एन्झाइम किल्लीच ना? एकच किल्ली पुन्हा पुन्हा वापरतात.

श्रीकांत: पुस्तकांत एन्झाइम कुलूप, पेरॉक्साइड किल्ली. वाकलेल्या कुलपात किल्ली शाबूत असूनही जात नाही, बटाट्याचं तेच झालं. फिशर या रसायनशास्त्रज्ञाने ही उपमा 1894 मध्ये दिली, पण 1958 मध्ये कोशलंड या शास्त्रज्ञाने मांडलं की किल्ली येताना कुलूपही थोडं आकार बदलतं. तसं कुलूप आपल्या घरी नसतं, म्हणून उपमा तिथे अडते.

प्राजक्ता: कुलूप किल्लीचे दोन तुकडे करून बाहेर टाकतं, हे तर कुठल्याच कुलपाचं काम नाही! मला अजून किल्लीच पटते.

नाना: बटाटे उकडून राहिलोय, पेरॉक्साइड आणतो. पण कान साफ करायचं तेच का ते?