नायटा की पिटिरियासिस रोझिया?

«आधी पोटावर एकच मोठा चट्टा होता, आता दहा दिवसांत पाठभर बारीक चट्टे आलेत. नायटा पसरलाय का?»

क्रम पाहता हा पिटिरियासिस रोझिया नावाचा पुरळाचा त्वचाविकार वाटतो. पहिला चट्टा म्हणजे हेराल्ड पॅच. नंतरचे लंबगोल चट्टे फासळ्यांच्या रेषेत तिरके उमटतात, म्हणून पाठ ख्रिसमस ट्रीसारखी दिसते. पहिला चट्टा नीट बघा. पिटिरियासिस रोझियात बारीक कोंडा कडेच्या थोडा आत असतो. नायट्यात तो उंचावलेल्या कडेवरच असतो. तरी शंका राहिली, तर त्वचा खरवडून बुरशीची तपासणी करतात. तोवर मेडिकलमधलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम कृपा करून लावू नका. नायटा असेल तर त्याने चिघळतो.

शरीरात लहानपणापासून सुप्त असलेले हर्पिस गटातले 6 आणि 7 क्रमांकाचे विषाणू पुन्हा जागे झाल्याने हे होतं, असं मानतात. प्रतिकारशक्ती त्यांना पुन्हा आवरते, म्हणून 6 ते 8 आठवड्यांत पुरळ बहुधा आपोआप जातं. सावळ्या त्वचेवर डाग मात्र काही महिने रेंगाळतात.

सोलापूरच्या उन्हात घामाने खाज वाढते, तेव्हा सुती कपडे, कोमट पाणी आणि साधं मॉइश्चरायझर वापरा. तळहात-तळपायांवर चट्टे आले तर सिफिलिससाठी रक्ततपासणी हवीच. गरोदर बाईने किंवा तीन महिन्यांनंतरही पुरळ टिकलं तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावं.