कालसर्प शांतीसाठी 51 हजार आणि आठ दिवसांची मुदत: ज्योतिषी पारखायचा कसा?

मीनल: मुलीचा जन्म 5 फेब्रुवारी 1997, पुणे. लग्न जमत नाही म्हणून एका ज्योतिषांना पत्रिका दाखवली. दहा मिनिटांत "पूर्ण कालसर्प" म्हणाले. अमावास्येच्या आत शांती झाली नाही तर पुढे जावयाच्या जिवाला धोका, खर्च 51 हजार, गुरुजी त्यांचेच, आणि घरात कुणाला बोलू नका. अमावास्येला आठ दिवस आहेत. हे खरं मानायचं का? आणि चांगला ज्योतिषी ओळखायचा कसा?

वसुधा: मीनलताई, आधी पत्रिकेतले अंश बघा. कालसर्प म्हणायचा तर रवीपासून शनीपर्यंत सातही ग्रह राहू-केतूच्या एकाच बाजूला हवेत. त्या दिवशी राहू कन्येत आणि केतू मीनेत होता, दोघेही सात अंशांच्या आसपास. मंगळ कन्येत बारा अंशांवर, रवी, गुरू, शुक्र मकरेत. इथवर सगळे एका बाजूला. पण शनी मीनेत दहा-अकरा अंशांवर, म्हणजे केतूला ओलांडून तीन-चार अंश पुढे गेलेला. साखळी तिथेच तुटली. ज्यानं फक्त राशींचे चौकोन पाहिले त्याला केतू-शनी एकाच घरात दिसतात आणि तो "कालसर्प" म्हणून मोकळा होतो. यासाठी जन्मवेळसुद्धा लागत नाही, कारण शनी आणि केतू दिवसभरात काही कलांनीच, म्हणजे अंशाच्या अगदी छोट्या भागानंच सरकतात.

तेव्हा त्यांना एवढंच विचारा: शनी किती अंशांवर, केतू किती अंशांवर? जाणकार माणूस लगेच आकडे सांगेल आणि हा योग अपुरा का, तेही सांगेल. जो आकडे टाळून "तुम्हाला कळणार नाही" म्हणेल, त्याला नमस्कार करून निघा.

प्रशांत: अंशांचा हिशेब कशाला? हे थोतांडच आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा आहे ना, त्याखाली सरळ तक्रार करा. ज्योतिष सांगणं हाच गुन्हा आहे.

अॅड. शैला: भीती विकणाऱ्यावर तुमचा राग रास्त आहे, पण कायदा तसा नाही. ज्योतिषाचा सल्ला त्या कायद्यातून वगळलेला आहे. खोटी भीती घालून पैसे उकळले तर फसवणुकीचं कलम लागू शकतं, भारतीय न्याय संहितेत ते 318 आहे. त्यासाठी पुरावा लागतो. म्हणून मीनलताई, "काय दोष, कोणता विधी, किती खर्च" हे मेसेजवर लिहून मागा. पैसे दिले नसतील तर देऊ नका. द्यायचेच असतील तर रोख नव्हे, आणि पावती घ्या. "घरात सांगू नका" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं. दुसरं मत घ्यायची वाटच त्यानं बंद होते.

दिनकर गुरुजी: मी पौरोहित्य करतो. सगळ्या विधींना लूट म्हणू नका. लोक त्र्यंबकेश्वरला श्रद्धेनं येतात, शांती करून समाधानानं जातात. फक्त नावांची सरमिसळ ओळखा. कालसर्प शांती एका दिवसात, काही तासांत आटोपते. नारायण नागबळी तीन दिवसांचा, त्याचा हेतूच वेगळा. एकाच्या नावानं दुसऱ्याचे पैसे घेणारे आहेत. दक्षिणा, साहित्य, ब्राह्मण किती, जप किती, हे वेगवेगळं लिहून मागायला लाजू नका. प्रामाणिक गुरुजी लिहून देतात. एक शांती झाली की "आता पितृदोषही निघाला" असं ऐकलंत तर तिथेच थांबा.

वसुधा: गुरुजी, तुमच्या या शेवटच्या वाक्याशी शंभर टक्के सहमत. पण एक आग्रहानं मांडते: कालसर्प हे नाव बृहज्जातक या जुन्या ज्योतिषग्रंथात नाहीच. शिवाय संथ ग्रह एका बाजूला जमले की चंद्र त्या अर्ध्या भागात असेपर्यंत, म्हणजे साधारण साडेतेरा दिवस, जन्मणारं प्रत्येक मूल या योगाचं ठरतं. एवढ्या सगळ्यांच्या जोडीदारांना धोका कसा असेल?

दिनकर गुरुजी: ग्रंथात नाव नाही म्हणून परंपरा खोटी होत नाही. जिवाच्या धोक्याची भाषा मात्र मलाही मान्य नाही.

योगेश: म्हणजे राहूसाठी गोमेद घालावा का? माझ्याही पत्रिकेत कन्येतच राहू आहे.

वसुधा: योगेश, हा प्रश्न वेगळा आहे. पत्रिका बघणाराच खडा विकत असेल तर आधी दुसऱ्याला विचारा, एवढंच आत्ता सांगते.

प्रशांत: आणि पदवीचं काय? "ज्योतिष शास्त्री" तर प्रत्येक पाटीवर असतं.

वसुधा: ज्योतिषाला सरकारी परवाना नसतोच. रामटेकच्या कालिदास संस्कृत विद्यापीठासारख्या ठिकाणी शिकलेला असेल तर अभ्यास झाला एवढं कळतं, सचोटी नाही. मी दोन गोष्टी बघते. जन्मवेळ कितपत पक्की आहे हे तो स्वतःहून विचारतो का? आणि सल्ल्याची फी आधी सांगून तिथेच थांबतो का, की फी नाममात्र ठेवून कमाई विधीतून काढतो? फुकट पत्रिका बघणाराच बहुतेक वेळा सगळ्यात महाग पडतो.

मीनल: मेसेज करून अंश विचारले. "फोनवर बोलू, लिहीत नाही" असं उत्तर आलं. आज रात्री यांना आणि सासूबाईंना सगळं सांगते. सासूबाई मात्र म्हणतील, शांती करून टाकायला काय हरकत आहे.

दिनकर गुरुजी: मनाला बरं वाटत असेल तर करा. पण त्यांच्याकडून नको, आणि अमावास्येची घाई तर अजिबात नको.