मदत हवी आहे: एकच पत्रिका, दोन ज्योतिषी, दोन उत्तरं. कुणाचं धरायचं?

गुहागरची_माहेरवाशीण
नमस्कार मंडळी, जरा लवकर सांगा प्लीज. भावाची पत्रिका दोन ठिकाणी दाखवली. चिपळूणचे गुरुजी म्हणाले शनीची महादशा आत्ता डिसेंबर २०२४ ला लागलीय, २०२७ संपेपर्यंत कर्ज काढू नका. रत्नागिरीचे काका म्हणाले शनी २०१९ पासूनच चालू आहे, मे २०२६ पासून शुक्राची अंतर्दशा येतेय, बिनधास्त करा. दोघांना जन्मवेळ तीच दिली होती. बँकेचं लेटर ३० एप्रिलपर्यंतच चालतं, आईने तर जेवण सोडायचं बाकी ठेवलंय. यातला चुकला कोण?

दापोलीचा_बंड्या
कसलं कर्ज? जन्मतारीख? वेळ? गाव? ताई तुम्ही काहीच लिहिलं नाहीत, आम्ही काय हवेत सांगणार.

गुहागरची_माहेरवाशीण
मार्च १९९३, दुपारी अडीच, रत्नागिरी. पूर्ण तारीख इथे टाकणार नाही. कर्ज होमस्टेसाठी, पुण्याची नोकरी सोडून तो घरी येतोय. पण तो माझा प्रश्न नाहीये, प्रश्न आहे चुकलं कोण.

चाकरमानी_डोंबिवली
जन्मवेळ चुकलीय, दुसरं काही नाही. तेव्हा हॉस्पिटलात कोण बघतं घड्याळ, नर्स बाहेर येऊन सांगते तेव्हाची वेळ लिहितात. माझ्या मुलीची वेळ १२ मिनिटं मागे घेतल्यावर सगळं तंतोतंत जुळलं. आधी वेळ शुद्ध करून घ्या.

पंचांगवाले_बापू
वेळेचा संबंध असेल तर लग्नाशी असेल, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणाऱ्या राशीशी. लग्न साधारण ४ मिनिटांत एक अंश पुढे जातं, त्यामुळे १२ मिनिटांनी बदलू शकतं. पण ताईंचा वाद दशेचा आहे आणि दशा चंद्रावरून काढतात. एका अंशात ६० कला, आणि चंद्र १० मिनिटांत ५-६ कला सरकतो, त्याने महादशेची तारीख महिना-दीड महिना इकडेतिकडे होईल. इथे पाच वर्षांच्या वर फरक आहे. तेवढा पडायला जन्मवेळ सहा-सात तास चुकायला हवी, दुपारी अडीच आणि रात्री नऊ यात घरातली माणसं गोंधळत नाहीत.
ताई, दोघांनी दिलेल्या कागदावर चंद्राचे आणि लग्नाचे अंश-कला असतील ते टाका. फलित राहू दे.

मालवणी_मसालो
माका इचारशात तर ह्या सगळ्याची गरजच नाय. गावच्या देवळात जावा, गाऱ्हाणा घाला नि कौल लावा. उजवो दिलो तर करा, डावो दिलो तर गप रवा. आमच्या घराचो पायो असोच काढलो.

दापोलीचा_बंड्या
आणि कौलाच्या वेळी दोन गुरव दोन बाजूला बसवले तर? 😄

मालवणी_मसालो
मस्करी नको हा देवाची.

सुरंगीचा_वळेसर
विषयांतर होतंय पण विचारते, माझ्या मुलीला एकाने मंगळ सांगितला आणि एकाने नाही म्हटलं, स्थळ हातचं जाईल अशी भीती वाटतेय, हे पण पंचांगामुळेच असतं का? कुणी बघून देईल का?

गुहागरची_माहेरवाशीण
सुरंगीताई वेगळा धागा काढा ना प्लीज. बापू, हे घ्या.
चिपळूण: लग्न मिथुन २८ अंश, चंद्र तूळ ८ अंश २० कला.
रत्नागिरी: लग्न कर्क २ अंश, चंद्र तूळ १२ अंश २० कला.
दोन्हीकडे रास तूळ, नक्षत्र स्वाती, म्हणून पत्रिका एकच आहे असं मी धरून चालले होते. लग्न वेगळं आहे हे आत्ता टाइप करताना दिसलं 🤦‍♀️

पंचांगवाले_बापू
दोन्हीकडे बरोब्बर ४ अंशांचा फरक, लग्नातही आणि चंद्रातही. म्हणजे गणित कुणाचंच चुकलेलं नाही. एकाने चित्रापक्षाचा अयनांश घेतलाय, जो दात्यांच्या पंचांगात असतो, आणि दुसऱ्याने टिळक पंचांगाचा, रेवतीपक्षाचा. आकाशात चंद्र एकाच जागी होता, मेषेचा आरंभ कुठून मोजायचा याची खूणगाठ दोघांची वेगळी.
आता दशा बघा. स्वाती तुळेच्या ६ अंश ४० कलांना सुरू होतं. एक नक्षत्र म्हणजे ८०० कला आणि स्वातीला राहूची १८ वर्षं. चिपळूणच्या हिशोबात जन्माच्या वेळी १०० कला झाल्या होत्या, म्हणजे राहूची सव्वादोन वर्षं गेलेली आणि पावणेसोळा उरलेली. राहू संपला डिसेंबर २००८ ला, पुढे गुरूची १६ घातलीत की डिसेंबर २०२४, तिथे शनी. रत्नागिरीच्या हिशोबात ३४० कला झालेल्या, म्हणजे राहूची उरली दहा वर्षं चार महिने. राहू संपला जुलै २००३ ला, गुरू जुलै २०१९ ला. पहिला म्हणतो शनीत शनी, म्हणजे शनीच्या महादशेत शनीचीच अंतर्दशा चाललीय, ती २०२७ च्या डिसेंबरपर्यंत. दुसऱ्याच्या मते शनी, बुध, केतू सगळं आटपून मे २०२६ ला शुक्र. दोघांच्या तारखा बरोब्बर जुळल्या तुम्ही सांगितल्यात त्याच्याशी.
एक विचारतो, भावाच्या बारशाला गुरुजींनी अक्षर कुठलं दिलं होतं?

गुहागरची_माहेरवाशीण
"रे". आजीने वहीत लिहून ठेवलंय, हळदीचं बोट लागलेलं पान आहे. का?

पंचांगवाले_बापू
स्वातीची चरणं रू, रे, रो, ता. ८ अंश २० कला पहिल्या चरणात येतात, तिथे "रू" आलं असतं. १२ अंश २० कला दुसऱ्यात, तिथे "रे". तुमच्या घरी टिळक पंचांग चालत होतं.

गुहागरची_माहेरवाशीण
हो हो, माहेरी टिळकच! २०२३ ला आमचे गणपती २० ऑगस्टला आले आणि सासरी १९ सप्टेंबरला, मी दोन महिने मोदकच वळत होते. म्हणजे रत्नागिरीचे काका बरोबर ना?

पंचांगवाले_बापू
नाही, तसं नाही होत. घरात कुठलं पंचांग होतं एवढंच त्यावरून कळलं. सण कुठल्या पंचांगाने करायचे हा घराण्याचा रिवाज झाला, तो रिवाज चंद्राला माहीत नसतो. उलट बाजूने, १९५० च्या दशकात सरकारच्या पंचांग सुधारणा समितीने चित्रापक्ष घेतला, आज बहुतेक मोबाइलच्या पत्रिकेत तोच येतो, पण ते सोयीसाठी केलेलं एकमत आहे. मी स्वतः चित्रापक्ष वापरतो, तरी रेवतीवाला चुकला असं खगोलाच्या आधारे मला म्हणता येणार नाही.

चाकरमानी_डोंबिवली
बापू मग मागच्या घटना लावून बघायच्या की! ज्या दशेत घटना बसतात ते पंचांग खरं, साधी गोष्ट आहे.

गुहागरची_माहेरवाशीण
बाबा ऑगस्ट २०११ ला गेले. ते बघा.

पंचांगवाले_बापू
बघितलं. चित्रापक्षाने तेव्हा गुरूत शनी. मिथुन लग्नाला शनी अष्टमेश आणि भाग्येश, भाग्य म्हणजे वडिलांचं स्थान, तेव्हा फिट्ट बसतं. रेवतीपक्षाने गुरूत शुक्र. कर्क लग्नाला शुक्र लाभेश, आणि चर लग्नाला लाभेश हा बाधक, म्हणजे अडथळा आणणारा, तेव्हा तेही फिट्ट बसतं. चाळीस वर्षं हेच बघतोय, घटना हातात दिली की दोन्ही पत्रिका मान डोलावतात. तुम्ही मला आधीच तारीख सांगितलीत तिथेच परीक्षा नासली.

खाडीपलीकडचा_मास्तर
शेवटी कुणीतरी बोललं. म्हणूनच २००८ साली नारळीकरांनी पुण्यात उलटी चाचणी घेतली होती, १०० हुशार मुलांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका, नाव-गाव काढून. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या ४०. उत्तरं पाठवली २७ जणांनी, सरासरी बरोबर निघालं ४६ टक्के, नाणं उडवलं तर ५० येतं. ताई तुम्ही दोन नाण्यांत भांडण लावताय.

चाकरमानी_डोंबिवली
मास्तर तुमचा अनुभव नाही म्हणून बोलता. हुशारी पत्रिकेवरून बघतच नाहीत मुळात, प्रश्नच चुकीचा होता.

खाडीपलीकडचा_मास्तर
मग २७ जणांनी कागद भरून का पाठवले? तेव्हाच परत करायचे होते.

पंचांगवाले_बापू
मास्तर, आकडे खरे आहेत, मी नाकारत नाही. पण ताईंच्या आईला ते वाचून दाखवून ती जेवायला बसणार नाही. ताई, एक करून बघा. दोघांचे कागद अदलाबदल करा. चिपळूणच्या गुरुजींना कर्क लग्नाची पत्रिका द्या, रत्नागिरीच्यांना मिथुनेची, आणि तोच प्रश्न विचारा. उत्तर बदललं तर वाद फक्त पंचांगाचा. उत्तर तेच राहिलं तर ते पत्रिकेतून आलेलं नाही, माणसाच्या स्वभावातून आलंय, एखादा सगळ्यांनाच थांबा म्हणतो. आणि हो, प्रश्न विचारण्याआधी त्यांना होमस्टेचं कुणी सांगितलं होतं का?

गुहागरची_माहेरवाशीण
रत्नागिरीच्या काकांना मावशीने सगळं आधीच सांगितलं होतं, जागा, कर्ज, पोराची हौस. चिपळूणला फक्त "काही मोठं करायचं आहे" एवढंच बोललो.

होमस्टेवाला_आरे
अहो सीआरझेड, किनाऱ्यालगतच्या बांधकामाचे नियम, बघितलं का आधी? आणि विहिरीला मे महिन्यात पाणी राहतं का? माझ्याकडे पहिल्या वर्षी १५ मे नंतर टँकर लागला, नफा तिकडेच गेला. शनी बिनी नंतर.

गुहागरची_माहेरवाशीण
आज दोन्हीकडे जाऊन आले. चिपळूणच्या गुरुजींनी कर्क लग्नाची पत्रिका दोनदा बघितली, मग म्हणाले की असं असेल तर शनी अष्टमात, स्वगृही असला तरी दशानाथ अष्टमात असताना मी कर्ज सांगणार नाही, शुक्र येऊ दे नाहीतर आणखी कोण. म्हणजे ते दोन्ही पत्रिकांवर थांबाच म्हणतात. रत्नागिरीच्या काकांनी दुसरा कागद हातातच घेतला नाही, म्हणाले आम्ही ते पंचांग मानत नाही, आणि मग म्हणाले भावाने लवकर ठरवावं, शांत करून घेतली तर बरं. शांतीचा खर्च विचारला नाही.

चाकरमानी_डोंबिवली
म्हणजे चिपळूणचे खरे, दोन्हीकडून एकच आलं ना.

पंचांगवाले_बापू
किंवा चिपळूणचे सगळ्यांनाच थांबा म्हणतात. ते कळायला त्यांच्याकडे आणखी दोघातिघांच्या पत्रिका न्याव्या लागतील, नाव न सांगता. मिथुनेला नवमात स्वगृहीचा शनी असून त्यांनी आधी थांबा म्हटलं याचं मला नवलच वाटतंय, त्याचं कारण त्यांनी काय दिलं?

गुहागरची_माहेरवाशीण
शनीत शनी असताना नवीन काम नको, एवढंच. आणि साडेसातीचं काही बोलले नाहीत.

पंचांगवाले_बापू
तुळेला साडेसाती आत्ता नाहीच, ते बरोबर. पण एवढ्या कारणावर २०२७ संपेपर्यंत थांब म्हणणं मला पटत नाही. मी मिथुनेवर हो म्हटलं असतं, बेताने.

दापोलीचा_बंड्या
झालं, आता तीन ज्योतिषी.

गुहागरची_माहेरवाशीण
😭 भाऊ म्हणतोय २० एप्रिलला बँकेत जाऊन सही करणार. आई म्हणते निदान "रे" वालं पंचांग तरी पाळ, सही मे महिन्यात कर. बँक मुदत वाढवून देते का, कुणाला माहितेय?

होमस्टेवाला_आरे
लेखी अर्ज दिला तर बऱ्याचदा देतात, माझी वाढवली होती, पण व्याजदर परत बघतात. मॅनेजरला आधी फोन करा. आणि विहिरीचं सांगा हो ताई.

गुहागरची_माहेरवाशीण
विहिरीला मागच्या मे मध्ये गुडघाभर होतं.