मदत हवी आहे: मुलाखतीत "हाच सेन्सर का?" आणि "यात तुझं नेमकं काय?" याला उत्तर कसं द्यायचं?

रायबंदरकर

नमस्कार मंडळी. इलेक्ट्रॉनिक्स, शेवटचं वर्ष. पुढच्या आठवड्यात वेर्ण्याला एम्बेडेडच्या जागेसाठी मुलाखत आहे.

प्रोजेक्ट चौघांचा. खाजनाच्या मानशीपाशी पाण्याची पातळी मोजायची आणि भरतीचं पाणी ठरावीक उंचीवर चढलं की शेतकऱ्याला एसएमएस जायचा. मानशीवर, पाण्याकडे तोंड करून, वॉटरप्रूफ अल्ट्रासॉनिक सेन्सर (जेएसएन-एसआर०४टी), त्याला ईएसपी३२, आणि गावातल्या गेटवेपर्यंत लोरा. सेन्सर वाचणं आणि फिल्टर माझ्याकडे होतं. लोरा, डॅशबोर्ड आणि पेटी बाकीच्या तिघांकडे.

सराव मुलाखतीत तीन प्रश्न आले. अल्ट्रासॉनिकच का, प्रेशर सेन्सर का नाही? ("स्वस्त आहे" म्हटल्यावर "दोन्ही एकाच किमतीत मिळाले असते तर?") पाच रीडिंगांचा मीडियन का, सरासरी का नाही? आणि यात तुझं नेमकं काय? तिन्हींची उत्तरं कशी बांधू?

शिवोलीचा शिरीष

सेन्सरच बदला. रडार लेव्हल सेन्सर घ्या, हवेच्या तापमानाचा त्याला काही फरक पडत नाही.

रायबंदरकर

शिरीषबाब, प्रोजेक्ट जमा झालाय. जे केलं ते समजावून कसं सांगायचं, एवढाच प्रश्न आहे.

फोंड्याची मीटरवाली

"स्वस्त" हे उत्तर चुकीचं नाही, पण ते दुकानदाराचं उत्तर झालं. समोरच्याला बघायचं असतं की दोन्ही सेन्सर कुठे चुकतात हे तुला माहीत आहे का, आणि त्या चुका तुझ्या कामाच्या जागी ठेवून बघितल्यास का. तुझ्याच आकड्यांवर करून बघू.

अल्ट्रासॉनिकची चूक तापमानाची. कोडमध्ये मायक्रोसेकंदांना ५८ ने भागलं असशील, तर तू ध्वनीचा वेग सेकंदाला ३४५ मीटर, म्हणजे हवा साधारण २२ अंश धरलीस. मे महिन्यात दुपारी ३५ अंशांना तो ३५२ च्या पुढे जातो. चूक सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. पाणी सेन्सरपासून २ मीटर खाली असेल तर चार-साडेचार सेंटीमीटर.

प्रेशरची चूक खारेपणाची. तो पाण्याचं वजन मोजतो. गोड्या पाण्याची घनता १०००, समुद्राच्या पाण्याची १०२५ च्या जवळपास, आणि खाजनात उन्हाळा आणि पावसाळा यांत हे दोन्ही टोकांकडे सरकतं. चूक अडीच टक्क्यांपर्यंत. म्हणजे टक्केवारीत दोघे जवळपास सारखेच, आणि इथेच बहुतेक मुलं थांबतात.

खरा फरक पुढे आहे. अल्ट्रासॉनिकची चूक *अंतराच्या* प्रमाणात असते आणि प्रेशरची *खोलीच्या*. पाणी चढतं तसं सेन्सरपासूनचं अंतर कमी होतं. एसएमएस जायची पातळी सेन्सरखाली ६० सेंटीमीटरवर असेल, तर त्या क्षणी तुझी चूक सव्वा सेंटीमीटर. प्रेशर सेन्सरवर तेव्हा २ मीटर पाणी असेल, तर त्याची चूक ५ सेंटीमीटर. त्यातही उन्हाळ्याच्या खाऱ्या पाण्यात कॅलिब्रेट केला असेल, तर पावसाळ्यात तो पाणी कमी दाखवणार, म्हणजे नेमका पुराच्या वेळी इशारा उशिरा. तुझा सेन्सर गरम हवेत पाणी किंचित जास्त दाखवतो, इशारा थोडा आधी जातो. "इशारा द्यायचा होता, म्हणून पाणी वर असताना ज्याची चूक कमी तो निवडला" असं म्हण. किंमत एकच असली तरी हे उत्तर टिकतं.

मग ते विचारणार, तोटा काय? या सेन्सरला जवळचं वीस-पंचवीस सेंटीमीटरांतलं दिसत नाही. पाणी तिथवर आलं की तो काहीही आकडा देतो. म्हणून तो सर्वांत मोठ्या भरतीच्या रेषेपेक्षा किती वर बसवला, हा आकडा तोंडपाठ हवा. तुमचा किती होता?

रायबंदरकर

५० सेंटीमीटर. आणि हो, ५८ नेच भागलंय.

नवा_एम्बेडेड

मग तापमान सेन्सर लावायलाच हवा होता, नाहीतर ते तिथेच पकडतील. दोन ओळींचं काम आहे:

```
float v  = 331.3 + 0.606 * T;   // T: °C
float cm = us * v / 20000.0;
```

मीडियनचं सोपं आहे, त्याने लाटा निघून जातात. आणि सगळीकडे "आम्ही" ऐवजी "मी" म्हणायचं.

फोंड्याची मीटरवाली

सूत्र बरोबर. पण तो तापमान सेन्सर उन्हात तापलेल्या पेटीत बसवला आणि त्याने ५० अंश दाखवले, तर दुरुस्ती उलटी पडते आणि पाणी खरं आहे त्यापेक्षा खाली दिसतं. ही धोक्याच्या बाजूची चूक. लावायचा तर पेटीबाहेर, सावलीत. ६० सेंटीमीटरला सव्वा सेंटीमीटरसाठी तो लागतोच, असं मला वाटत नाही.

मीडियनबद्दल तुझं अर्धं बरोबर आहे. १४२, १४१, १४३, ६०, १४२ अशी रीडिंग आली, तर सरासरी १२५.६ होते आणि खोटा इशारा जाऊ शकतो. मीडियन १४२ च राहतो. ते ६० म्हणजे भिंतीवरून किंवा तरंगत्या काटकीवरून आलेला खोटा प्रतिध्वनी. त्यावर मीडियन चांगला. लाटेवर नाही. रायबंदरकर, दोन रीडिंगांमध्ये किती वेळ सोडलास?

रायबंदरकर

६० मिलिसेकंद.

फोंड्याची मीटरवाली

म्हणजे पाचही रीडिंग पाव सेकंदात संपली. लाट सेकंद-दोन सेकंदांची असेल तर पाचही एकाच लाटेच्या माथ्यावर पडतात, आणि माथ्याचाच मीडियन येतो. कोणी "लाटांचं काय?" विचारलं तर हेच सांग, आणि उपायही: असे पाच-पाचचे गट मिनिटभरात पसरून घ्यायचे आणि त्या मीडियनांची सरासरी काढायची.

"मी" आणि "आम्ही" यांचं म्हणशील तर सगळीकडे "मी" म्हणू नकोस. लोरावर दुसरा प्रश्न आला की उघडा पडशील. तीन भाग कर: मी लिहिलं ते, लायब्ररीतून घेऊन बदललं ते, दुसऱ्याने केलं पण माझं काम ज्याला जोडतं ते. तिसऱ्यात फक्त जोड नीट माहीत हवी: तू पुढे काय देतोस, किती बाइटचं, सेन्सर बिघडला तर कोणता आकडा पाठवतोस, आणि समोरचा त्याचं काय करतो. त्यापुढचं "ते माझ्या सोबत्याने केलं" म्हणून थांब. आधी हे बघून ठेव:

```
git log --author="नाव" --stat
```

मेकॅनिकलवाली

आमच्यात सांगाडा म्हापशाच्या वर्कशॉपने वेल्ड केला. मग माझं काय उरलं?

फोंड्याची मीटरवाली

ड्रॉइंग कोणी काढलं, पाइपची जाडी कोणी आणि कोणत्या भारावर ठरवली, वर्कशॉपवाल्याने काय बदलायला सांगितलं? ते तुझं असेल तर वेल्डिंग दुसऱ्याने केल्याने काही बिघडत नाही. भाराचं गणित मात्र कागदावर करून दाखवता यायला हवं.

रायबंदरकर

git मध्ये घोळ आहे. सगळं एकाच लॅपटॉपवरून टाकलंय, त्यामुळे माझ्या फिल्टरवरही सोबत्याचं नाव दिसतं. आणि पावसाळ्यात चाचणीच झाली नाही. हे आपणहून सांगू का?

शिवोलीचा शिरीष

विचारल्याशिवाय कशाला सांगायचं?

फोंड्याची मीटरवाली

मी सांगितलं असतं, पण तोट्यांबद्दल विचारतील तेव्हा, सुरुवातीलाच नाही. "भरती-ओहोटीत तपासलं, मुसळधार पावसात नाही, पावसाच्या थेंबांवरून खोटे प्रतिध्वनी वाढतील असा अंदाज आहे." शिरीषचं मत वेगळं आहे, आणि मुलाखत घेणाऱ्यांतही दोन्ही तऱ्हेचे लोक भेटतात.

git चं मात्र सोडून दे. फिल्टरचं फंक्शन कोऱ्या कागदावर, न बघता लिहून बघ. पाच आकडे क्रमाने लावून मधला घ्यायचा, दहा-पंधरा ओळी. प्रतिध्वनी आलाच नाही तर `pulseIn` शून्य देतं, आणि शून्य म्हणजे अंतर शून्य, म्हणजे पाणी थेट सेन्सरला टेकलेलं. ते शून्य तू क्रमात लावण्याआधी वगळतोस ना?

रायबंदरकर

वगळतो. पण पाचातली तीन शून्य आली तर काय, ते लिहिलेलं नाही.

फोंड्याची मीटरवाली

तो प्रश्न येणारच. आजच ठरव.